आकडेमोड न करता संख्यांचा क्रम लावायचा, म्हणजे नक्की करायचं काय?

अनघा_पी
लेक नववीत आहे. घरात घातांक, पॉवर, करणी, रूट अशी सगळी खिचडी चालते, त्यामुळे इथेही तसंच लिहिणारे, सांभाळून घ्या. तिच्या क्लासच्या सराव पेपरात हा प्रश्न आलाय (घातांक वर चढवता येत नाहीयेत म्हणून ^ वापरतेय):

चढत्या क्रमाने लावा: ०.४×१०^-४, ३.२×१०^-५, √(१०^-९), २८×१०^-६

आणि खाली बारीक अक्षरात "किंमत न काढता, कारण द्या". लेकीने √(१०^-९) चं सरळ १०^-३ करून टाकलं आणि ती सगळ्यात मोठी म्हणून शेवटी ठेवली. उत्तरसूचीत क्रम असा आहे: २८×१०^-६, मग √(१०^-९), मग ३.२×१०^-५, आणि शेवटी ०.४×१०^-४. कारण मात्र एका ओळीचंही दिलेलं नाही. नवरा म्हणतो लॉग घे आणि मोकळी हो, पण नववीला लॉग कुठून आणू? आणि लॉग घेतला म्हणजे किंमत काढलीच की. तर किंमत न काढता मोठं-लहान ठरवायचं म्हणजे लोक डोक्यात नक्की काय करतात, हे कोणी नीट सांगेल का?

विसूभाऊ
आमच्या वेळी हे नव्हतं. आमच्या वेळी फक्त छडी होती आणि तिचा घातांक कायम धन असायचा.

पंचवटीकर_तात्या
अनघाताई, मुळाचं जरा बाजूला ठेवा, बाकीच्या तिघांचं आधी बघू. आमच्या दुकानात एक जण म्हणाला माल २८ हजाराचा आहे आणि दुसरा म्हणाला ०.४ लाखाचा, तर लाख हा शब्द ऐकून कोणी लगेच दुसऱ्याला मोठा म्हणत नाही आणि २८ हा आकडा बघून पहिल्यालाही म्हणत नाही. दोन्ही हजारात बोला, २८ हजार आणि ४० हजार, विषय संपला. इथेही तेच करा, सगळे १०^-५ मध्ये बोलवा. ०.४×१०^-४ म्हणजे ४×१०^-५. २८×१०^-६ म्हणजे २.८×१०^-५. ३.२ आहेच. आता २.८, ३.२, ४. यात कसली किंमत काढली?

अनघा_पी
हे पटलं तात्या, आणि लेकीलाही लगेच पटलं. तिचा गोंधळ असा होता की -६ हा सगळ्यात लहान घातांक म्हणून २८ वाली सगळ्यात लहान, आणि उत्तरही तेच निघालं, त्यामुळे ती म्हणते माझंच बरोबर होतं. आता तिला काय सांगू?

बार्शीचे_मास्तर
तिला सांगा २८ च्या जागी ८८ घाल आणि परत लाव. ८८×१०^-६ म्हणजे ८.८×१०^-५, ती सगळ्यांच्या पुढे जाऊन बसते, घातांक तोच -६ असूनही. घातांकाकडे बघून निकाल द्यायचा हक्क तेव्हाच मिळतो जेव्हा पुढचा आकडा सगळीकडे १ ते १० च्या मधला असतो. ०.४ नाही, २८ ही नाही. आधी सगळ्यांना त्या साच्यात बसवायचं, मग घातांक वेगळे असतील तर घातांक ठरवतो, सारखे असतील तर पुढचा आकडा.

आता मुळाकडे येऊ. मुळाने घातांक निम्मा होतो, पण ९ विषम आहे, निम्मा केला तर साडेचार. पोरं इथे अडतात आणि मग ९ ला ३ ने भाग जातो म्हणून ३ करून मोकळी होतात. ते घनमूळ झालं. तपासायचं असेल तर उत्तराचा वर्ग करायचा, १०^-३ चा वर्ग १०^-६ येतो, १०^-९ येत नाही, चूक लगेच उघडी पडते.

बरोबर वाट अशी: १०^-९ ला १०×१०^-१० लिहा. १०^-१० चं मूळ १०^-५, बिनत्रासाचं. उरलं √१०. म्हणजे चौथी संख्या √१०×१०^-५ आहे आणि सगळा प्रश्न एवढाच उरतो की √१० हे २.८, ३.२ आणि ४ यांच्यात कुठे बसतं. ३ चा वर्ग ९ म्हणून ते ३ च्या पुढे. ३.२ चा वर्ग १०.२४, म्हणजे १० पेक्षा जास्त, म्हणून ते ३.२ च्या अलीकडे. क्रम लागला.

घातांकाचा_घात
पण मास्तर, ३.२ चा वर्ग केलात की! ३२×३२=१०२४ ही आकडेमोड नाही तर काय आहे? प्रश्नात लिहिलंय किंमत काढायची नाही.

बार्शीचे_मास्तर
√१० ची किंमत मी कुठे काढली? ३.१६२२ वगैरे काही लिहिलं का मी? फक्त ते ३.२ च्या कुठल्या बाजूला आहे एवढं विचारलं. मूळ काढणं अवघड, वर्ग करणं सोपं, म्हणून संशयितालाच वर्गात बोलवायचं. थोडा गुणाकार लागतो, नाही म्हणत नाही, पण तो कुठे लागणार आणि किती, हे आपण ठरवतो.

मधुरा_स
संशयिताला वर्गात बोलवायचं 😂 मास्तर, हे तुम्ही नोकरीत असतानाही म्हणायचात ना?

रूट_यूजर
रूट बघून धागा उघडला, वाटलं सर्व्हरचं काहीतरी असेल. पण आता आलोच आहे तर सांगतो, ताईंच्या लेकीसारखी संख्येचा एकच भाग बघायची चूक मशीनसुद्धा करतं. सेन्सरच्या नोंदींची एक फाइल होती, त्यात वाचनं अशाच रूपात यायची, आणि क्रम लावल्यावर सगळ्यात मोठं वाचन वर आणि सगळ्यात लहान खाली. ताईंच्याच तीन संख्या घालून दाखवतो:

```
$ printf '28e-6\n3.2e-5\n0.4e-4\n' | sort -n
0.4e-4
3.2e-5
28e-6
$ printf '28e-6\n3.2e-5\n0.4e-4\n' | sort -g
28e-6
3.2e-5
0.4e-4
```

`-n` ला e च्या पुढचं कळत नाही, तो फक्त ०.४, ३.२, २८ वाचतो आणि पुढचं सोडून देतो. `-g` घातांकासकट वाचतो. इथे योगायोगाने दोन्ही क्रम एकमेकांच्या बरोब्बर उलटे आलेत. स्प्रेडशीटमध्येही संख्या टेक्स्ट म्हणून पेस्ट झाल्या की असाच घोळ होतो. ओळखायची खूण म्हणजे त्या कप्प्याच्या डाव्या कडेला चिकटलेल्या दिसतात, खऱ्या संख्या आपोआप उजवीकडे जातात.

अनघा_पी
हे लेकीला दाखवलं. कॉम्प्युटर पण तिच्यासारखाच चुकतो म्हटल्यावर प्रचंड खूष आहे. तुमच्यामुळे आता तिला सुधारणं अवघड झालंय.

शिरीष_कल्याण
एक शंका आहे, चुकीची असेल तर सांगा. मास्तरांनी वर्ग करून तुलना केली. पण एकपेक्षा लहान संख्येचा वर्ग केला की ती अजून लहान होते ना? ०.३ चा ०.०९. आणि इथे तर सगळ्याच संख्या एकपेक्षा कितीतरी लहान आहेत. मग क्रम उलटा नाही का होत? म्हणजे ३.२×१०^-५ आणि √(१०^-९) या दोघांचा तसाच वर्ग केला असता तर काय झालं असतं?

बार्शीचे_मास्तर
करून बघा की. ३.२×१०^-५ चा वर्ग १०.२४×१०^-१०, म्हणजे १.०२४×१०^-९. दुसरीचा वर्ग १०^-९. पहिली मोठी, म्हणजे निकाल तोच. संख्या लहान होतात हे खरं, पण सगळ्याच लहान होतात आणि रांग मोडत नाही. ०.३ आणि ०.५ चे वर्ग ०.०९ आणि ०.२५, आधी जो मागे होता तो अजूनही मागेच. दोन्ही संख्या धन असल्या की वर्ग, घन, मूळ काहीही घ्या, रांग तशीच राहते.

रांग उलटते ती दोन ठिकाणी. एक, संख्या ऋण असतील तर. ७√२ आणि ५√३ चे वर्ग ९८ आणि ७५, म्हणून ७√२ मोठी, पण -७√२ आणि -५√३ विचारलं तर वर्ग तेच येतात आणि उत्तर उलटं होतं. दुसरं म्हणजे दोघांनाही १ च्या खाली टाकलं, म्हणजे व्यस्त घेतलं, की.

तुमच्या शंकेत एक वेगळी खरी गोष्ट लपलेली आहे. एकाच संख्येची तिच्या स्वतःच्या मुळाशी तुलना करताना १ ही सीमा महत्त्वाची असते. १ च्या वर मूळ हे संख्येपेक्षा लहान, १ च्या खाली मोठं. √०.९ किती म्हटलं की वर्गातली अर्धी पोरं ०.३ सांगतात. अरे, मूळ ०.९ पेक्षा मोठं आणि १ पेक्षा लहान असायला हवं, एवढं जरी मनात आलं तरी ०.३ तोंडातून निघणार नाही.

शिरीष_कल्याण
हां, मी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या होत्या. आता बसलं डोक्यात.

प्रयोगशाळेतली_पूर्वा
मी पाण्याच्या आणि मातीच्या नमुन्यांचं काम करते, मला हा प्रश्न बघून हसूच आलं, कारण आमच्याकडे हे रोज पीएचच्या वेषात येतं. हायड्रोजन आयनचं प्रमाण १०^-४.५ असेल तर पीएच ४.५, आणि १०^-४.५ म्हणजेच अनघाताईंची √(१०^-९). त्यामुळे घातांक साडेचार आला म्हणून अडायचं काहीच कारण नाही, तो -४ आणि -५ च्या बरोब्बर मध्ये आहे. ३.२×१०^-५ चा पीएच ४.४९ च्या आसपास येतो, म्हणजे या दोन संख्या किती चिकटून आहेत बघा. आमच्याकडे नवीन आलेली मुलं एका ठिकाणी नक्की चुकतात, पीएच लहान म्हणजे आम्ल जास्त हे विसरतात आणि नमुन्यांचा क्रम उलटा लावून ठेवतात. मास्तर म्हणाले तसं, इथे उणे चिन्हामुळे रांग उलटली आहे.

फिजिक्सवाला_मोहन
बरोब्बर मध्ये यावरून आठवलं. अकरावीला कोणत्याही राशीची जवळची पॉवर ऑफ टेन सांगायची असते, तिथे पुस्तकात ५ ची रेघ आहे. पुढचा आकडा ५ पर्यंत असेल तर घातांक तोच ठेवायचा, ५ च्या वर गेला तर एकने वाढवायचा. त्या हिशोबाने ३.२×१०^-५ ची १०^-५. पण पूर्वाताईंच्या हिशोबाने मधली रेघ √१० म्हणजे ३.१६ वर आहे आणि ३.२ त्याच्या पलीकडे गेलंय, मग जवळची पॉवर १०^-४ व्हायला हवी. दोन्हीकडे कारण आहे. परीक्षेत मी पुस्तकातलं लिहायला सांगतो.

प्रयोगशाळेतली_पूर्वा
मला ५ ची रेघ कधीच पटली नाही. गुणाकाराच्या पट्टीवर अंतर मोजायचं आणि मधली जागा मात्र बेरजेच्या पट्टीवरून घ्यायची. पण असो, मार्क तुमच्या हातात आहेत.

फिजिक्सवाला_मोहन
बेरजेच्या पट्टीवर १ आणि १० च्या मध्ये ५.५ येतं, ५ सुद्धा नाही. म्हणजे ती रेघ दोन्हीकडची नाही, सोयीची आहे. पण पोरांना लक्षात राहते.

सदाशिवपेठी_अभ्यासिका
दादांनो ताईंनो, स्पर्धा परीक्षावाला आहे, मध्ये घुसतोय, माफी. आमच्या ग्रुपवर हा फिरतोय: २^१००, ३^७५, ५^५० यात मोठी कोणती. कॅल्क्युलेटर नसतो आणि प्रश्नाला मिनिटही मिळत नाही. मुळांची ट्रिक इथे चालेल का?

घातांकाचा_घात
सोप्पं आहे. घातांक मोठा तो जिंकतो. घातांक वाढला की संख्या कुठल्या कुठे जाते, पाया बिचारा मागे राहतो. ३^४=८१ आणि ४^३=६४. ४^५=१०२४ आणि ५^४=६२५. नेहमी लहान पाया, मोठा घातांक. उत्तर २^१००.

मधुरा_स
२^३=८ आणि ३^२=९. नेहमी??

घातांकाचा_घात
एक अपवाद असतोच.

मधुरा_स
२^४ आणि ४^२ दोन्ही १६. अपवादांची संख्या पण घातांकी वाढणार वाटतं.

बार्शीचे_मास्तर
अपवाद एवढेच आहेत हो, १ वगळला तर. दोन्ही पूर्णांक ३ किंवा त्याहून मोठे असले की घात साहेबांचा नियम शंभर टक्के चालतो. पण तो फक्त पाया आणि घातांक यांची अदलाबदल झालेली असेल तर, म्हणजे ७^९ विरुद्ध ९^७. इथे अदलाबदल कुठे आहे? २ आणि १००, ३ आणि ७५. इथे तो नियम लागूच होत नाही.

अभ्यासिकावाले, आधी घातांकांकडे बघा, १००, ७५, ५०. तिघांनाही २५ ने भाग जातो. म्हणजे २^४, ३^३, ५^२ या तिघांचे २५ वे घात आहेत, आणि धन संख्यांचे सारखेच घात घेतले की रांग मोडत नाही हे वर शिरीषरावांसाठी झालंय. आतल्या संख्या १६, २७, २५. म्हणून २^१०० सगळ्यात लहान, मग ५^५०, आणि ३^७५ सगळ्यात मोठी. सगळ्यात मोठा घातांक असलेलीच सगळ्यात लहान निघाली.

मुळांचंही हेच. √२ मोठं की ३ चं घनमूळ? २ आणि ३ ने भाग जाणारा ६ घ्या, दोघांचा सहावा घात करा, एक ८ आणि दुसरी ९. घनमूळ मोठं.

सदाशिवपेठी_अभ्यासिका
मास्तर खतरनाक. पण २५ सारखा कॉमन सापडलाच नाही तर? समजा २^१११ आणि ३^७१ दिलं तर? १११ आणि ७१ ला कॉमन काहीच नाही.

शिरीष_कल्याण
मी करून बघू? ३^२ म्हणजे ९, २^३ म्हणजे ८. ९ मोठा. म्हणून ३^७० म्हणजे ९^३५, ते ८^३५ पेक्षा मोठं, म्हणजे २^१०५ पेक्षा मोठं. एक ३ शिल्लक, त्याने २^१०६ च्या पुढे तर नक्की गेलो. पण १११ पर्यंत पोचत नाहीये. म्हणजे २^१११ मोठी असावी?

बार्शीचे_मास्तर
नाही नाही, "पोचत नाही" म्हणजे "लहान आहे" असं नसतं. तुम्ही फक्त एवढं दाखवलंत की ३^७१ ही २^१०६ च्या पुढे आहे. किती पुढे ते कळलेलं नाही. ९ आणि ८ यांच्यात अंतर बरंच आहे आणि ते ३५ वेळा वाया गेलं. २ आणि ३ चे घात याहून जवळ कुठे येतात ते शोधा.

मधुरा_स
३^५=२४३, २^८=२५६. जवळ आहेत पण ३ वाला लहान.
३^७=२१८७, २^११=२०४८. हा मोठा!

शिरीष_कल्याण
थांबा थांबा. ३^७ मोठा २^११ पेक्षा. दोघांचा दहावा घात. ३^७० मोठा २^११० पेक्षा. डावीकडे एक ३ शिल्लक, उजवीकडे एक २ शिल्लक. ३^७१ मोठी!! अरे काय सुंदर आहे हे.

सदाशिवपेठी_अभ्यासिका
नोट केलं. २४३-२५६ आणि २१८७-२०४८ पाठ करून टाकतो. आमचे सर तर सगळीकडे २^१०≈१०^३ लावायला सांगतात, तेवढ्यावर भागतं म्हणतात.

प्रयोगशाळेतली_पूर्वा
बऱ्याच ठिकाणी भागतंही. २^३० मोठी की १०^९, तर १०२४ हा १००० पेक्षा मोठा म्हणून २^३०, वादच नाही.

बार्शीचे_मास्तर
पण कुठे फसतं ते बघून ठेवा. २^१९६ आणि १०^५९. सरांच्या रीतीने २^१९६ म्हणजे २^१९० गुणिले २^६. २^१९० जवळपास १०^५७, गुणिले ६४, म्हणजे ६.४×१०^५८. १०^५९ पेक्षा बरीच लहान, पेपर सोडवून आपण घरी. प्रत्यक्षात २^१९६ मोठी आहे!

कारण असं की १०२४ ला १००० म्हणताना आपण दरवेळी १.०२४ हा गुणक टाकून दिला, तोही १९ वेळा. टाकलेलं सगळं गोळा केलं तर १.०२४^१९ होतं. ६४ चे १०० व्हायला या गुणकाने किमान १.५६२५ एवढं असायला हवं. आहे का? (१+०.०२४)^१९ उलगडा, पहिली दोन पदं १+०.४५६, म्हणजे १.४५६, पुरत नाही. तिसरं पद १७१×०.०००५७६, साधारण ०.०९८, मिळून १.५५४ च्या वर, अजूनही किंचित कमी. चौथं पद साधारण ०.०१३, आता १.५६७ च्या वर गेलो आणि पुढची सगळी पदं धनच आहेत. म्हणून २^१९६ मोठी.

इथे डोळे मिटून अंदाज चालत नाही. अंदाजाचं उत्तर आलं की विचारायचं, मी टाकलेला फरक किती वेळा टाकला आणि समोरच्याशी अंतर किती होतं. १०२४-१००० चा फरक तीनदा टाकला तर सात टक्क्यांच्या आसपास, १९ वेळा टाकला तर निम्म्याहून जास्त.

विसूभाऊ
मास्तर, छडीचा घातांक आठवला. वाचूनच हात लाल झाले.

सदाशिवपेठी_अभ्यासिका
आमच्या परीक्षेत एवढं जवळचं देत नाहीत हो, पर्याय लांब लांब असतात. पण एक प्रकार नेहमी असतो: √१२-√११, √१०-√९, √८-√७ यात सर्वात मोठी कोणती. मी आत्तापर्यंत √१२ मोठं म्हणून ती टिक करायचो.

मधुरा_स
ती सगळ्यात लहान आहे. √१२-√११ ला √१२+√११ ने गुणलं की १ येतं. तिन्हींचं तसंच. मग ज्याची बेरीज मोठी त्याचा फरक लहान, गुणाकार १ च यायचाय. √१२+√११ ही बेरीज सगळ्यात मोठी, म्हणून फरक सगळ्यात लहान. √८-√७ सगळ्यात मोठी. मास्तरांनी वर व्यस्ताने रांग उलटते म्हटलं ना, ते हेच.

पंचवटीकर_तात्या
आमच्या धाग्यात २८ हजारावरून २^१९६ वर कधी गेलो कळलंच नाही. अनघाताई, पेपराचं काय झालं पुढे?

अनघा_पी
तात्या, पेपर तपासून आला. तिने मास्तरांच्या पद्धतीने दुसऱ्यांदा लिहून दिला होता, सगळं १०^-५ मध्ये आणि मग "३.२ चा वर्ग १०.२४, १० पेक्षा जास्त". चारपैकी तीन मार्क दिलेत आणि शेजारी शेरा, "वर्ग करणे म्हणजे आकडेमोड". हसू की रडू कळेना.

घातांकाचा_घात
बघा! मी पहिल्यांदाच म्हणालो होतो. मास्तर माझ्यावर नाराज झाले, पण तपासणारे माझ्या बाजूचे निघाले.

बार्शीचे_मास्तर
मग तपासणाऱ्यांनी √१० हे ३.२ च्या अलीकडे आहे हे कसं ठरवलं असतं ते सांगावं. √१० आणि ३.२ एवढे जवळ ठेवून प्रश्न काढायचा आणि वर्ग करू नका म्हणायचं, हे अन्यायाचं आहे. ३.२ च्या जागी ३.५ घातलं असतं तर एकवेळ डोळ्यानेच चाललं असतं.

फिजिक्सवाला_मोहन
मी तपासायला असतो तर पूर्ण मार्क दिले असते, पण "वर्ग केल्याने क्रम बदलत नाही कारण दोन्ही धन" हे वाक्य नसेल तर अर्धा कापला असता. आहे का तिच्या उत्तरात?

अनघा_पी
नाहीये 😐

मधुरा_स
तिला माझ्याकडून एक द्या, या वेळी पूर्ण मार्क घेऊ दे. √२+√३ मोठं की π?

शिरीष_कल्याण
१.४१ + १.७३ = ३.१४. आणि π पण ३.१४. हे तर दगाबाज आहे.

अनघा_पी
लेकीचं उत्तर जसंच्या तसं टाइप करतेय, मी मदत केलेली नाही: "दोन्ही धन आहेत म्हणून वर्ग केला तरी क्रम तोच. √२+√३ चा वर्ग ५+२√६ म्हणजे ५+√२४. π ही २२/७ पेक्षा लहान आहे, २२/७ चा वर्ग ४८४/४९, तो ९.८८ पेक्षा लहान. मग √२४ हे ४.८८ पेक्षा मोठं आहे का एवढंच बघायचं. ४.९ चा वर्ग २४.०१ म्हणजे √२४ हे ४.९ ला खालून चिकटलेलं, पण ४.८८ चा वर्ग २४ पेक्षा कमी येतो. म्हणून √२+√३ मोठं."

बार्शीचे_मास्तर
४.८८ चा वर्ग २३.८१४४. बरोबर आहे. २२/७ मध्ये आणून बसवली हे कोणी सुचवलं तिला?

अनघा_पी
कोणी नाही. म्हणते सातवीपासून सगळे २२/७ च लिहायला लावतात, एकदा तरी तिचा उपयोग होऊ दे.